पाठ सैल, बाही घट्ट: मास्तरांना मेसेज काय पाठवू?

मीनल (ए-४०२): मैत्रिणींनो, एक मदत हवी. पुढच्या रविवारी चुलत बहिणीचा साखरपुडा आहे. त्यासाठी सिल्कच्या साडीवरचा ब्लाउज शिवून आणला, पण पाठीत फुगा येतोय आणि बाह्या दंडाला काचतायत. फोटो टाकलाय. मास्तरांना हा मेसेज पाठवतेय, बघा बरोबर आहे का: "नमस्कार मास्तर, ब्लाउजची पाठ लूज आहे आणि बाह्या टाइट आहेत. फोटो पाठवलाय. प्लीज फिटिंग करून द्या."

प्राची (सी-३०३): अगं, पाठवू नकोस! मी मागच्या दिवाळीत शब्दन् शब्द हेच लिहिलं होतं. ब्लाउज परत आला तेव्हा पाठ जरा बसली होती, पण पुढून श्वास घेता येईना आणि बाहीत तर हातच जाईना. साडी तशीच कपाटात आहे, तो ब्लाउज मी आजवर घातलेला नाही.

मीनल (ए-४०२): बापरे. असं का झालं पण?

सुनंदाकाकू (बी-१०१): मी सांगते. तेवीस वर्षं घरी ब्लाउज शिवलेत, हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. मीनल, तुझा ब्लाउज उलटा करून बघ. बाहीच्या टोकापासून निघालेली शिलाई काखेत वळते आणि थेट कमरेपर्यंत जाते. बहुतेक ब्लाउजांना ही एकच शिलाई असते, कारण बाही आधी मुंढ्याला जोडतात आणि मग बाही नि बाजू एका दमात बंद करतात.

आता "फिटिंग करून द्या" म्हटलं की सगळ्यात सोपी जागा हीच. मास्तर बाजूची शिलाई अर्धा इंच आत घेतात. पण अर्धा इंच आत म्हणजे पुढच्या भागातून अर्धा आणि पाठीतून अर्धा. दोन बाजू धरल्या तर घेरातून दोन इंच गेले. त्यातला पाठीतून फक्त एक इंच गेला आणि दुसरा पुढून गेला, जिथे सैल काहीच नव्हतं. शिवाय शिलाई काखेतून बाहीत जाते, म्हणून बाहीही वरून आवळली. प्राचीचं नेमकं हेच झालं. आणि यात मास्तरांचा दोष धरता येत नाही, आपण जागाच सांगितली नव्हती.

प्राची (सी-३०३): अगदी हेच झालं काकू. आणि त्यांनी आतलं जादा कापड कापूनही टाकलं होतं, त्यामुळे मग उसवूनही उपयोग नव्हता.

सुनंदाकाकू (बी-१०१): म्हणूनच कापायचं नाही हे मेसेजमध्ये स्वच्छ लिहायचं. साडीतला ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटरचा असतो. त्यातून बाह्या, अस्तराच्या कडा नि पट्ट्या काढल्या की उरतं ते आतल्या मायेपुरतंच, म्हणजे शिलाईच्या आत ठेवलेल्या जादा कापडापुरतंच. ती माया गेली की ब्लाउज गेला.

मीनल, तुझा फोटो आरशातला आहे, पदर पाठीवर आहे आणि एक हात मोबाइल धरून वर गेलाय. हात वर गेला की पाठ तशीही ओढली जाते, यावरून काहीच कळत नाही. लेकीला नाही तर नवऱ्याला मागे उभं कर. हुक सगळे लावलेले, पदर काढलेला, हात खाली सैल सोडलेले, आणि मोबाइल पाठीच्या उंचीवर. साखरपुड्याला जी ब्रा घालणार आहेस तीच आत हवी. ती बदलली की पाठीची बैठक बदलते.

मीनल (ए-४०२): काढला. टाकते.

सुनंदाकाकू (बी-१०१): हा छान आलाय. आता चुण्या कुठल्या दिशेने पडतात ते बघ. तुझ्या पाठीवर उभ्या चुण्या आहेत, खांद्याच्या हाडांच्या खाली सुरू होऊन कमरेकडे वाढत जाणाऱ्या. उभी चुणी म्हणजे कापड रुंदीला जास्त झालंय. आडव्या वळ्या पडल्या असत्या तर पाठ लांबीला जास्त आहे असं म्हटलं असतं, आणि मग ते काम खांद्यावरून करावं लागलं असतं. गळा तुझा अंगाला नीट चिकटलाय, खांदेही उतरत नाहीत. म्हणजे वरचा भाग चांगला आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही.

मग हा जादा घेर कुठून काढायचा? पाठीच्या टक्समधून. पाठीला खालून वर जाणारे दोन टक्स, म्हणजे कापड चिमटून घातलेल्या शिलाया, असतात. ते वाढवले की फक्त पाठच कमी होते. पुढचा भाग आणि बाही जशीच्या तशी राहते.

मीनल (ए-४०२): किती वाढवायचे ते कसं सांगू?

सुनंदाकाकू (बी-१०१): लेकीला सांग, पाठीच्या खालच्या कडेला दोन्ही टक्सवर कापड चिमटीत धरून सेफ्टी पिन लाव. पाठ बसली पाहिजे, पण तुला खोल श्वास घेता आला पाहिजे. मग ब्लाउज काढून चिमटी मोज. इथेच सगळे गोंधळतात. चिमटी अर्धा इंच बाहेर आलेली दिसली, तर कापड एक इंच कमी झालेलं असतं, कारण ते दुहेरी असतं. म्हणून मास्तरांना "अर्धा इंच दाबा" असं मोघम लिहू नकोस. त्यांनी प्रत्येक पदरातून अर्धा धरायचा की दोन्ही मिळून अर्धा, हे त्यांना कसं कळणार? एकूण किती कमी व्हायला हवं ते लिही.

मीनल (ए-४०२): मोजलं. दोन्ही चिमट्या अर्धा-अर्धा इंच बाहेर येतायत. म्हणजे प्रत्येक टक्समध्ये एक इंच, पाठीतून एकूण दोन इंच. आणि साधारण साडेचार इंच वर गेल्यावर सैलपणा संपतो.

सुनंदाकाकू (बी-१०१): शाब्बास. म्हणजे खाली एक इंच आणि वर निमुळतं होत साडेचार इंचांवर शून्य. आता बाही. आधी हे ठरव की घट्ट दंडाला आहे की मुंढ्यात. हात वर करून वेणी घालायला गेलीस तर काय होतं?

मीनल (ए-४०२): ब्लाउज वर सरकत नाही, काखेतही ओढ नाही. फक्त बाहीची कड दंडात रुतते, काढल्यावर वळ राहतो. करंगळीसुद्धा आत जात नाही.

रेवती (ए-१०४): मला कुणीतरी सांगितलं होतं की बाही घट्ट असेल तर मुंढा कोरून घ्यायचा. तसं नको का?

सुनंदाकाकू (बी-१०१): नको रेवती, इथे तर अजिबात नको. हिचा मुंढा चांगला आहे, दुखतोय तो दंडाचा घेर. मुंढा खोल कोरला तर हात वर करताना अख्खा ब्लाउज वर ओढला जाईल आणि कमरेत पोट उघडं पडेल. कोरलेलं कापड परत जोडता येत नाही.

मीनल, बाहीच्या कडेचा घेर मोज, त्याच जागी दंड मोज, आणि आतली माया मोज. अस्तराकडेही बघ. धुतल्यावर बाही घट्ट झाली असेल तर बहुधा सुती अस्तर आटलेलं असतं. मग वरचं कापड फुगतं आणि अस्तर ताणलेलं दिसतं.

मीनल (ए-४०२): अजून धुतलाच नाही. कडेचा घेर ११ इंच, दंड सव्वाअकरा. माया दोन्ही पदरांना पाऊण इंच, अस्तरालाही तेवढीच. टेप लावून आतला फोटोही काढला.

सुनंदाकाकू (बी-१०१): मग प्रश्नच मिटला. दोन्ही पदरांतून अर्धा-अर्धा इंच सोडला की घेर १२ होतो. दंडाला पाऊण इंच मोकळा मिळेल आणि आत पाव इंच माया राहील. त्याहून जास्त सोडायला सांगू नकोस, सिल्कचे धागे निसटतात, पाव इंचाच्या आत शिलाई टिकत नाही.

काखेत मात्र जपून. बाही सोडत वर नेली आणि काखेत एकदम जुन्या शिलाईवर आणली तर तिथे चुणी बसते. म्हणून नवी शिलाई काखेतून खाली दोन इंच नेऊन हळूहळू जुन्या शिलाईत मिसळायची. बाहीच्या कडेला जरीचा काठ दुमडलाय, त्याची तुरपाई शिलाईपाशी थोडी उसवावी लागेल. पाठीची खालची दुमडही टक्सपाशी उसवावी लागेल.

प्राची (सी-३०३): काकू, माझ्या ब्लाउजला मायाच उरली नाही, त्याचं काही होईल का?

सुनंदाकाकू (बी-१०१): होईल. काखेखालच्या शिलाईत एक इंचाची पट्टी जोडता येते. कापड साडीच्या आतल्या, खोचल्या जाणाऱ्या टोकाचं घे, काठासकट मिळेल. हात खाली असताना दिसत नाही. संध्याकाळी घेऊन ये, बघू.

मीनल (ए-४०२): हे लिहिलंय, बघा काकू:

"नमस्कार मास्तर. मरून सिल्कच्या ब्लाउजचे तीन फोटो पाठवतेय: पाठीचा, पिना लावलेला आणि आतल्या मायेचा. गळा, खांदा, मुंढा आणि पुढचा भाग उत्तम बसलाय, तो तसाच ठेवा.
पाठ खालच्या अर्ध्या भागात सैल आहे. बाजूच्या शिलाईतून कमी करू नका. पाठीचे दोन्ही टक्स वाढवा. प्रत्येक टक्समध्ये खाली एकूण एक इंच, साडेचार इंच वर शून्य. पिना तिथेच लावून ठेवल्यात.
दोन्ही बाह्या कडेला घट्ट आहेत. आत्ता घेर ११ आहे, १२ हवा. अस्तरासकट माया सोडा आणि काखेखाली दोन इंचांत जुन्या शिलाईत मिसळा.
जादा कापड कापू नका. पक्की शिलाई मारण्याआधी कच्च्या टाक्यावर घालून बघायला येईन, कधी येऊ?"

सुनंदाकाकू (बी-१०१): एवढंच घाल, की जुन्या शिलाईची रेघ उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून इस्त्री करा, पाणी शिंपडू नका. सिल्कवर पाण्याचे डाग राहतात. सुईची भोकं थोडी दिसतील, पण ती काखेखाली जातील.

मीनल (ए-४०२): घातलं आणि पाठवलं.

मीनल (ए-४०२): मास्तरांचं उत्तर आलं! म्हणाले, "ताई, समजलं. डाव्या बाहीत काठाची दुमड जाड आहे, तिथे अर्धा इंच सुटतो का ते उसवल्यावर सांगतो. गुरुवारी ७ ला या." काकू, डावी म्हणजे घातल्यावर माझी डावीच ना? आरशातल्या फोटोत तर उलटं दिसत होतं.

सुनंदाकाकू (बी-१०१): घातल्यावरची डावी, तेवढं त्यांना लिहून टाक. गुरुवारी मीही येते. येताना तीच ब्रा घालून ये.