मदत हवी आहे: कोटेशनमधला 5 तासांचा बॅकअप खरा धरायचा का?

घरासाठी इन्व्हर्टरचं कोटेशन आलंय: 12 व्होल्ट, 150 एएच ट्यूब्युलर बॅटरी, बॅकअप 5 तास. लोड 4 पंखे (प्रत्येकी 75 वॅट) आणि 6 एलईडी (प्रत्येकी 10 वॅट), म्हणजे 360 वॅट. डीलरने 12 × 150 = 1800 भागिले 360 एवढंच केलेलं दिसतंय. पण इन्व्हर्टर स्वतःच थोडी वीज खातो. 80 टक्के कार्यक्षमता धरली तर 1440 उरतात, म्हणजे 4 तास.

मला खरी शंका पुढे आहे. बॅटरीवर सी20 लिहिलंय, म्हणजे साडेसात अँपिअरने 20 तास चालवली तरच 150 एएच मिळतात. आपला लोड मात्र 35 अँपिअरच्या वर खेचणार, त्यामुळे क्षमता कमीच भरणार. त्यासाठी अजून 20-25 टक्के वजा केले तर जेमतेम 3 तास येतात.

ज्यांनी असा लोड प्रत्यक्ष चालवलाय त्यांनी कृपया सांगा: नव्या बॅटरीवर किती तास मिळाले? बॅटरी पूर्ण उतरू नये म्हणून 80 टक्केच वापरायची असं म्हणतात; ती वजावट यात वेगळी धरायची की इन्व्हर्टर आधीच कटऑफ करतो? आईला रात्री पंखा लागतोच, म्हणून 4 तास तरी नक्की हवेत.