कॉलेबल बाँड: यील्ड टू कॉल धरायचं की यील्ड टू मॅच्युरिटी?

चौकस: एक कॉलेबल बाँड घ्यायचा विचार आहे. दर्शनी किंमत १००, कूपन वर्षाला ८ टक्के, मुदत १० वर्षं. दोन वर्षांनी, त्या एकाच तारखेला, कंपनी १०० देऊन तो परत घेऊ शकते. भाव १०४ आहे. दहा वर्षं ठेवला तर मिळणारा वार्षिक परतावा, म्हणजे यील्ड टू मॅच्युरिटी, ७.४२ टक्के दिसतं आणि दोन वर्षांनी कंपनीने परत घेतला तर मिळणारा, म्हणजे यील्ड टू कॉल, ५.८२. कॉल नसलेल्या तशाच बाँडवर सध्या पावणेसहाच्या आसपास मिळतं. कुठला आकडा खरा धरू? आणि दर आणखी उतरले तर याचा भाव इतर बाँडसारखा का चढत नाही?

दोन पैसे: ७.४२ विसरा. बाजारात पावणेसहा मिळत असताना कंपनी तुम्हाला दहा वर्षं आठ टक्के कशाला देत बसेल? दोन वर्षांत १६ कूपनचे आणि वर १०० मिळतील, म्हणजे १०४ वर ५.८२. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर सरळ आहे: कंपनी १०० ला परत घेणार, मग १०० च्या वर भाव कोण देईल? तिथे छतच आहे.

उत्तररात्र: छत आहे, पण १०० वर नाही. चौकस यांचा बाँड आत्ताच १०४ ला आहे, कारण कॉलपर्यंतची दोन कूपनं बाजारदरापेक्षा मोठी आहेत आणि त्यांची किंमत भावात धरली जाते. छत म्हणजे त्याच कूपनच्या दोन वर्षांच्या बाँडचा भाव. दर ५ टक्के असेल तर तो १०५.६ येतो, ४ टक्के असेल तर १०७.५. दर उतरतात तसं छतही सरकतं, पण हळूहळू.

व्याजदर वर्षाला साधारण एक टक्क्याने हलतील असं गृहीत धरून मी हा बाँड मांडून पाहिला. डावीकडचा भाव कॉल नसलेल्या जुळ्या बाँडचा, उजवीकडचा याचा.

९ टक्के: ९३.६ आणि ९२.६
८ टक्के: १०० आणि ९७.२
७ टक्के: १०७ आणि १००.८
६ टक्के: ११४.७ आणि १०३.४
५ टक्के: १२३.२ आणि १०५.५
४ टक्के: १३२.४ आणि १०७.५

आता फक्त टप्पे बघा. जुळ्या बाँडचा भाव ९ वरून ८ ला येताना ६.४ ने वाढतो, मग ७, ७.७, ८.५, ९.२. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा मोठा. आपल्या बाँडचे टप्पे ४.६, ३.६, २.६, २.१, २. दर जितका उतरतो तितकी वाढ आखडत जाते. ७ टक्क्यांवर उभे असाल तर दर एक टक्का उतरल्यावर २.६ मिळतात आणि एक टक्का चढल्यावर ३.६ जातात. हीच निगेटिव्ह कॉन्व्हेक्सिटी.

कारण असं, की हा बाँड घेताना तुम्ही दोन व्यवहार करता. एक साधा बाँड विकत घेता आणि त्याच वेळी तो १०० ला परत मागण्याचा हक्क कंपनीला विकता. दर उतरले की बाँड महागतो, पण विकलेला हक्कही महागतो, आणि तो तुमच्या खात्यातून वजा होतो. वरच्या दोन भावांमधला फरक म्हणजे त्या हक्काची किंमत: ८ टक्क्यांवर २.८, ५ टक्क्यांवर १७.७.

पैलतीर: म्हणजे दर उतरल्यावर भाव पडतो? मग निगेटिव्ह कशाला म्हणायचं ते कळलं.

उत्तररात्र: नाही, पडत नाही. वरच्या आकड्यांत तो प्रत्येक टप्प्यावर चढतोच आहे. निगेटिव्ह आहे ती वक्ररेषेची वळण्याची दिशा, चढउताराची नव्हे.

सांजवेळ: मी यात पोळले आहे म्हणून लिहिते. ९ टक्के कूपनचा बाँड, आठ वर्षं बाकी, १०६ ला घेतला. यील्ड जवळपास ८ टक्के दाखवलं होतं. वर्षाने कॉल होऊ शकतो हे कागदावर होतं, पण त्या तारखेचं यील्ड कुणी काढून दाखवलं नाही आणि मीही काढलं नाही. वर्षाने कॉल झाला. ९ अधिक १०० मिळाले, १०६ वर, म्हणजे २.८३ टक्के. आणि परत आलेले पैसे तेव्हाच्या उतरलेल्या दराने गुंतवावे लागले. असे बाँड सामान्य माणसाला विकूच नयेत.

दोन पैसे: वाईट झालं, पण दोष बाँडचा नव्हता. १०६ ला घेतानाच २.८३ हा आकडा काढता आला असता. मी तर कायम यील्ड टू कॉलच धरतो आणि निश्चिंत राहतो.

उत्तररात्र: निश्चिंत राहण्यावर माझा आक्षेप आहे. यील्ड टू कॉलमध्ये कॉल होणारच असं गृहीत आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत स्पेनच्या सँटांडर बँकेने १५० कोटी युरोचे बाँड पहिल्या तारखेला कॉल केले नाहीत, आणि बाजाराला त्याचा धक्का बसला. चौकस यांच्या बाबतीत दोन वर्षांत दर ९ वर गेले तर कंपनी तो हक्क वापरणार नाही. मग ७.४२ खरं ठरेल, पण इतरांना ९ मिळत असताना. दर उतरले तर ५.८२ खरं ठरेल आणि पैसे आणखी कमी दराने गुंतवावे लागतील. दोन आकड्यांतला लहान तो धरा, पण तुमचा परतावा म्हणून नव्हे. अमुक परिस्थितीत एवढंच मिळेल, इतकाच त्याचा अर्थ.

चूक कुठे महागात पडते तेही सांगतो. ड्युरेशन म्हणजे दर एक टक्का हलल्यावर भाव साधारण किती टक्के हलेल तो आकडा. यील्ड टू मॅच्युरिटीवरून काढलेली या बाँडची ड्युरेशन जवळपास ७ येते. दर थोडा वरखाली करून, हक्काची किंमत धरून काढली तर सव्वादोनच्या आसपास. ७ धरून दर चढण्यापासून बचावाचा सौदा केलात तर तिप्पट मोठा सौदा अंगावर घेतलात. विकणाऱ्याने ड्युरेशन सांगितली की ती कॉल धरून काढली आहे का, हे विचाराच.

चौकस: मग दर जितके खाली जातील तितकी कॉन्व्हेक्सिटी जास्त निगेटिव्ह?

उत्तररात्र: नाही, ही समजूत सगळीकडे दिसते. टप्पे पुन्हा बघा: ३.६ वरून २.६ हा फरक मोठा आहे, २.१ वरून २ हा नगण्य. दर फार उतरले की कॉल जवळजवळ पक्का होतो आणि हा निव्वळ दोन वर्षांचा बाँड उरतो. त्याची कॉन्व्हेक्सिटी थोडीशी पॉझिटिव्हच असते. सगळ्यात जास्त वाकडं वळण दर कूपनच्या जवळपास असताना असतं, जेव्हा कॉल होईल की नाही हे सांगता येत नाही. पावणेसहावर तुम्ही त्या पट्ट्यातून बरेच बाहेर आला आहात. तुमचा धोका आता दर परत चढण्यात आहे: चढले की बाँडचं आयुष्य लांबत जातं आणि पुढचा प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा जास्त नेतो.

सांजवेळ: आणि हा हक्क विकल्याचा मोबदला? तो मला कधी दिसलाच नाही.

दोन पैसे: तो वाढीव कूपनमध्ये असतो. कॉल नसता तर तुमचा बाँड ९ ला निघालाच नसता.

उत्तररात्र: असतो, पण पुरेसा असतो का, हे दर किती हलतील या अंदाजावर ठरतं. मी एक टक्का धरला. दीड धरला तर हक्क महाग होईल आणि ८ टक्क्यांवरचा ९७.२ हा भावही जास्त वाटू लागेल. इथे माझं आणि तुमचं एकमत होईल असं मला वाटत नाही.

चौकस: एक टक्का आणि दीड टक्का, दोन्ही धरून पुन्हा मांडतो. १०४ देण्याआधी एवढं करायलाच हवं.