पूर्ण डिस्क इमेज की नुसत्या फायली? साध्या लॅपटॉपवाल्याने नक्की काय करायचं

आळशी_बोका: विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, ५१२ जीबी एसएसडी, त्यातली १८० भरलीये. माझं स्वतःचं म्हणावं असं, म्हणजे फोटो आणि कामाच्या फायली, ६० जीबीच्या आसपास. १ टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क पडून आहे. एक मित्र म्हणतो पूर्ण डिस्कची इमेज काढ, सगळं त्यात आलं. दुसरा म्हणतो इमेजच्या भानगडीत पडू नको, फोल्डर कॉपी कर, बास. कोणाचं ऐकू?

रोखठोक: पहिल्या मित्राचं. यात चर्चा करण्यासारखं आहेच काय? इमेज म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग, फायली, बूट पार्टिशन सगळं जसंच्या तसं. एसएसडी मेली की नवीन घालायची, रेस्क्यू पेनड्राइव्हवरून बूट करायचं, रिस्टोअर म्हणायचं, चहा होईपर्यंत लॅपटॉप पहिल्यासारखा. आणि एखादीच फाईल हवी असेल तर इमेज माउंट करून ड्राइव्हसारखी उघडता येते. म्हणजे फायलींचा बॅकअप त्यात फुकट मिळाला की, वेगळा कशाला?

जुनाट_मेकॅनिक: माउंट करून फाईल काढता येते हे खरं, पण तेवढ्यावर "वेगळा कशाला" नाही म्हणता येत. जरा हिशोब करा. १८० जीबी वाचायची, त्यातले ६० जीबी फोटोबिटो आधीच दाबलेले असतात ते अजून दाबले जात नाहीत, बाकीचं थोडं आकसतं, म्हणजे इमेज १५० च्या आसपास धरा. साध्या फिरत्या हार्डडिस्कवर सेकंदाला १०० एमबी मिळाले तरी लिहायला २५ मिनिटं आणि नंतर पडताळणी केलीत तर परत तेवढीच. हे रोज कोण करणार, तर कोणी नाही. महिन्याला एकदा होतं, मग दोन महिन्याला, मग राहूनच जातं. आणि एसएसडी काही इमेज काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मरत नाही, ती २६ तारखेला मरते आणि इमेज १ तारखेची असते. विंडोज परत आलं, पण मधल्या २५ दिवसांचं काम कुठंय?

दुसरं म्हणजे १ टीबीवर अशा सहाच इमेज मावतात, सातवी काढायची तर पहिली उडवावी लागते. एखादी एक्सेल शीट मागे कधीतरी बिघडली आणि तुम्हाला ते उशिरा कळलं, तर तोवर चांगली प्रत असलेली इमेज उडालेली असू शकते.

रोखठोक: अहो इन्क्रिमेंटल नावाचा प्रकार असतो. पहिली इमेज पूर्ण, नंतर फक्त बदललेले ब्लॉक. पाच मिनिटांचं काम, शेड्यूल लावून टाका.

जुनाट_मेकॅनिक: असतो, आणि चांगला असतो, मी स्वतः वापरतो. पण ती साखळी आहे. मधली एक फाईल खराब झाली किंवा जागा करायची म्हणून कोणी हाताने डिलीट केली, की तिच्यानंतरच्या सगळ्या निकामी. आणि इन्क्रिमेंटलला तुमचं काम आणि विंडोजचं काम यातला फरक कळत नाही. तुम्ही दोन वर्ड फायली बदलल्या, पण मधे विंडोजचा मोठा अपडेट येऊन गेला, तर त्या दिवशीची इन्क्रिमेंटल कित्येक जीबीची. फाईल लेव्हलला त्याच दिवशी त्या दोन फायलीच जातात, काही एमबी. म्हणून ते रोज होऊ शकतं.

कापूस_कोंड्याची: मला वाटतं यात काम काय आहे ते बघायला हवं ना. माझ्याकडे डिझाइनचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे, ज्यांनी बनवलं ती कंपनी केव्हाच बंद झाली, अॅक्टिव्हेशनचा सर्व्हर बंद, इन्स्टॉलर असून उपयोग नाही कारण नव्याने टाकलं की कोड मागतं आणि तो पडताळायला पलीकडे कोणी नाही. सध्या ते चालू आहे ते केवळ आधीपासून अॅक्टिव्हेट आहे म्हणून. फायली कितीही जपल्या तरी त्या उघडणार कशात? माझ्यासाठी इमेज हाच बॅकअप आहे, फायली दुय्यम.

जुनाट_मेकॅनिक: ताई, तुमची केस इमेजसाठी अगदी खरी आहे. एवढंच लक्षात ठेवा की असली काही सॉफ्टवेअर डिस्कचा किंवा मदरबोर्डचा नंबर बघतात. नवीन एसएसडीवर इमेज टाकल्यावर ते चालतंय का, हे जुनी एसएसडी जिवंत आहे तोवरच करून बघा.

सदा_ऑनलाइन: एवढी डोकेफोड कशाला, वनड्राइव्ह चालू करा, सगळं वर जातं, लॅपटॉप गेला तरी लॉगिन केलं की परत. इमेजपण नको नि कॉपीपण नको.

रोखठोक: प्रश्न इमेज की फायली असा आहे हो, क्लाउड कुठून आला मधेच 🙂

जुनाट_मेकॅनिक: आलाच आहे तर त्यातली मेख सांगतो. वनड्राइव्ह सिंक आहे, इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट. पर्सनल अकाउंटला रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहतं, त्यानंतर रामराम. पण इमेजवाल्यांना जास्त धोका वेगळाच आहे. बऱ्याच फायलींवर ढगाचं चिन्ह दिसतं ना, त्या लॅपटॉपवर नसतातच, नुसतं नाव असतं. इमेज डिस्कवरचे ब्लॉक उचलते, मग जे डिस्कवर नाही ते इमेजमध्ये कुठून येणार? माणूस समजतो सगळं घेतलं आणि आत फक्त नावं. तो फोल्डर बॅकअपमध्ये हवाच असेल तर राइट क्लिक करून `Always keep on this device` करा, हिरवी बरोबरची खूण आली की मगच इमेज काढा.

आळशी_बोका: बरं मग फायलीच कॉपी करतो म्हटलं तर डॉक्युमेंट, पिक्चर, डेस्कटॉप घेतले की झालं ना? ब्राउझरमधले पासवर्ड वगैरे पण फायलीच असतात म्हणे, तो फोल्डरही घेऊ का?

तिरपागडा: `AppData` हा छुपा फोल्डर अख्खा घे, त्यात सगळं असतं, ब्राउझर, नोट्स, मेल. मी तेच करतो, नवीन विंडोजवर परत ठेवला की सगळं येतं.

जुनाट_मेकॅनिक: सगळं नाही येत. थंडरबर्डचं प्रोफाइल उचलून दुसरीकडे ठेवलं तर मेल येतात, फायरफॉक्सचंही येतं. पण क्रोम आणि एज आपले पासवर्ड विंडोजच्या त्या यूजर खात्याला बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद करतात. नवीन विंडोज, नवीन खातं, म्हणजे ती किल्ली नाही. फोल्डर कॉपी होतो, बुकमार्क दिसतात, पासवर्ड मात्र उघडत नाहीत. म्हणून ते एकतर ब्राउझरच्या सिंकमध्ये ठेवा नाहीतर पासवर्ड मॅनेजरमध्ये. इमेज रिस्टोअर केली तर हा प्रश्न येत नाही कारण किल्लीही सोबत येते, हा मुद्दा इमेजचा, मान्य.

आणि नुसती कॉपी करायचीच असेल तर हाताने ओढू नका, ही एक ओळ पुरते:

```
robocopy "%USERPROFILE%\Documents" "E:\Backup\Documents" /E /R:1 /W:1
```

फायली वनड्राइव्हमध्ये असतील तर पाथ वेगळा असतो, तो बघून घाला. नेटवर बरेच जण इथे `/MIR` लावायला सांगतात, ते लावलंत तर इकडे चुकून डिलीट झालेलं तिकडूनही डिलीट होतं, नको. जुन्या आवृत्त्या मात्र यात राहत नाहीत, नवी फाईल जुनीवर बसते. त्या हव्या तर कंट्रोल पॅनेलमधलं फाईल हिस्टरी चालू करा, डिस्क लावलेली असली की दर तासाला बदललेल्या फायलींची वेगळी प्रत ठेवतं.

रोखठोक: म्हणजे शेवटी इमेजला पर्याय नाहीच, बघा, पासवर्डसुद्धा त्यातच येतात.

जुनाट_मेकॅनिक: तोच लॅपटॉप परत मिळणार असेल तर! नेहमी एसएसडीच बिघडते असं नाही, लॅपटॉप पडतो, त्यात पाणी जातं, चोरीला जातो, बोर्ड जळतो. तेव्हा हातात दुसऱ्या मॉडेलचा लॅपटॉप असतो. त्यावर जुनी इमेज टाकायला गेलात की काय होतं बघा. आधी रेस्क्यू पेनड्राइव्हने बूट केल्यावर आतली एसएसडी दिसतच नाही, कारण बऱ्याच इंटेलवाल्या लॅपटॉपमध्ये बायोसला VMD हे एसएसडी हाताळणारं इंटेलचं सेटिंग चालू असतं आणि पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. तो घातला, रिस्टोअर झालं, रीस्टार्ट केलं तर निळा पडदा, `INACCESSIBLE_BOOT_DEVICE`, कारण आता इमेजमधल्या विंडोजकडेही तो ड्रायव्हर नाही. बायोसमध्ये VMD बंद करून किंवा ड्रायव्हर आत घुसवून सुटतं, पण हे साध्या माणसाने ज्या दिवशी लॅपटॉप गेलाय त्या दिवशी करायचं? आणि एवढं करून नवीन मशीनसोबत आलेलं विंडोज पुसून जुनंच आणलंत. त्यापेक्षा नवीनवर तुमच्या ६० जीबी फायली टाका, दहा मिनिटांत कामाला लागा.

कापूस_कोंड्याची: दहा मिनिटांत कामाला? सॉफ्टवेअर टाकण्यात दोन दिवस जातात हो माझे, फॉन्ट, प्लगिन, प्रिंटरचं प्रोफाइल…

जुनाट_मेकॅनिक: तुमचे जातील. ज्याचं काम ब्राउझर, ऑफिस आणि फोटो यात भागतं त्याचे नाही जात. बोका कुठल्या गटातले आहेत ते त्यांनाच माहीत.

तिरपागडा: पेनड्राइव्हवरून बाहेरून इमेज काढायची असेल तर बिटलॉकरच्या कुलपाचं, म्हणजे विंडोज डिस्क एन्क्रिप्ट करतं त्याचं काय? माझी इमेज ५१२ च्या आसपास आली, भरलेली २०० पण नव्हती.

जुनाट_मेकॅनिक: तेच कारण. कुलूप न काढता बाहेरून घेतली तर सॉफ्टवेअरला आतलं काही वाचताच येत नाही, कुठली जागा रिकामी तेही कळत नाही, मग ते सगळे सेक्टर उचलतं, आणि कुलूपबंद डेटा दाबलाही जात नाही. नवीन लॅपटॉपवर हे कुलूप बऱ्याचदा आपण न लावताच चालू असतं. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये बघा:

```
manage-bde -status C:
```

विंडोज चालू असताना आतून घेतली तर इमेज छोटी येते, पण मग ती उघडी असते, हार्डडिस्क ज्याच्या हाती पडेल त्याला तुमचं सगळं वाचता येईल. तिला वेगळा पासवर्ड लावा आणि रिस्टोअरनंतर बिटलॉकर परत चालू करा, तो आपोआप येत नाही. बाहेरून घेतलेली असेल तर रिस्टोअरनंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं, ती त्याच लॅपटॉपमध्ये फाईल करून ठेवलेली असेल तर मग बसा.

आळशी_बोका: माझं काम ब्राउझर, ऑफिस आणि फोटोच आहे. मग फाईल हिस्टरी चालू ठेवतो आणि इमेज एकच, आत्ता सगळं नीट चालू आहे तोवर काढून ठेवतो. दोन्ही एकाच हार्डडिस्कवर चालेल का?

जुनाट_मेकॅनिक: चालेल, जागा भरपूर आहे. मोठ्या अपडेटआधी किंवा एसएसडी बदलायच्या आधी नवीन इमेज काढा, एरवी नाही काढलीत तरी अडत नाही. काढल्यावर दोन गोष्टी त्याच दिवशी करा, इमेज माउंट करून आतला एखादा फोटो आणि एक एक्सेल उघडा, आणि रेस्क्यू पेनड्राइव्हवरून बूट करून आतली एसएसडी व बाहेरची डिस्क दोन्ही दिसतात का बघा. नाही दिसली तर ड्रायव्हरचं आत्ताच निस्तरा.

रोखठोक: एकाच डिस्कवर दोन्ही मला पटत नाही. ती डिस्क पडली की इमेजही गेली नि फायलीही. आणि महिन्याची इन्क्रिमेंटल लावायला काय त्रास आहे ते अजून कोणी सांगितलं नाही.

सदा_ऑनलाइन: म्हणून म्हटलं होतं, फायली वनड्राइव्हवर.

जुनाट_मेकॅनिक: या वेळी यांचं बरोबर आहे. फायलींची दुसरी प्रत तिथे ठेवा, इमेजची नाही केलीत तरी चालेल.

कापूस_कोंड्याची: माझी इमेज मात्र मी दोन डिस्कवर ठेवणार. ते सॉफ्टवेअर नवीन एसएसडीवर चालतंय का ते या रविवारी बघते, नाही चाललं तर इथेच येऊन ओरडते.