आवाजाची क्लिप खरी की बनवलेली, कशाने तपासावी?

सचिव_कोथरूड: सोसायटीच्या ग्रुपवर ३८ सेकंदांची क्लिप फिरतेय. आवाज आमच्या खजिनदारांचा, आणि ते वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदाराकडे दहा टक्के मागताहेत. खजिनदार म्हणतात हे एआयचं काम आहे. एका फुकट साइटवर टाकली तर ‘८७ टक्के कृत्रिम’ आलं. रविवारी सर्वसाधारण सभा आहे. फुकट किंवा हजाराच्या आतलं खात्रीचं टूल सुचवा.

मिलिंद_डी: फुकटच्या नादी लागू नका. आमच्या ऑफिसने महिना चार हजारांचं घेतलंय, आलेखासकट रिपोर्ट येतो. दोन महिने काढा वर्गणीतून.

अनघा७१: टूल कशाला हवं? कान लावून ऐका. बनवलेल्या आवाजात श्वास नसतो, सूर सपाट असतो. मी रेडिओवर काम केलंय, मला लगेच कळतं.

नाना_सातारकर: आमच्या वहिनींना नातवाच्या आवाजात फोन आला, पोलिसांनी पकडलंय, पैसे पाठवा. असा फोन आला की ठेवून द्यायचा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला कळवा.

सचिव_कोथरूड: नाना, पैसे गेलेले नाहीत. क्लिप खरी आहे का, एवढंच पाहायचंय.

स्पेक्ट्रम: माझं कामच हे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अनघाताई, श्वासाची खूण तीन-चार वर्षांपूर्वी चालायची. आता क्लोनमध्ये श्वास, अडखळणं, आवंढा गिळणं सगळं येतं. उलट खऱ्या रेकॉर्डिंगमधला श्वास फोनची नॉइज सप्रेशन पुसून टाकते.

टूल काय करतं ते पाहा. मशीनने आवाज घडवताना बारीक खुणा राहतात, बऱ्याचशा वरच्या फ्रीक्वेन्सीत. टूल त्या शोधतं. पण जुन्या पद्धतीचा साधा फोन कॉल साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं काही पुढे नेतच नाही, आणि व्हॉट्सॲप फाइल लहान करायला आवाज दाबून पाठवतं. स्पीकरवर वाजवून दुसऱ्या फोनने रेकॉर्ड केलं तर खोलीचा घुमारा मिसळतो. खुणा पुसल्या जातात आणि दाबण्याच्या स्वतःच्या नव्या खुणा उमटतात. मग टूल खऱ्याला खोटं म्हणतं, खोट्याला खरं.

दुसरं, टूल ज्यावर शिकलं तेवढंच ओळखतं. एएसव्हीस्पूफ २०१९ हा यातला नावाजलेला डेटा. त्यात बनावट क्लिपच्या सुरुवातीला-शेवटी शांतता कमी होती आणि मॉडेलं बरीचशी तीच पाहून निकाल देत होती. संशोधकांनी ती शांतता कापली तेव्हा चुका भरमसाट वाढल्या.

मिलिंद_डी: आमच्या टूलवर ९८ टक्के अचूकता लिहिलीय.

स्पेक्ट्रम: कोणत्या क्लिपवर मोजली तेही विचारा. कंपनीच्या स्वच्छ क्लिपवर ९८ आणि मराठी फॉरवर्डवर ९८ यांचा संबंध नाही. २०२३ मध्ये तमिळनाडूचे तेव्हाचे अर्थमंत्री पलानिवेल त्यागराजन यांच्या नावाने दोन क्लिप आल्या. त्यांनी त्या बनावट ठरवल्या. ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या वृत्तसंकेतस्थळाने तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, तर दुसरी खरी असल्याचं मत पडलं. पहिली २६ सेकंदांची आणि खरखरीत, तिच्यावर तज्ज्ञांचंही एकमत झालं नाही.

सचिवसाहेब, एक करा. खजिनदारांची निर्विवाद खरी अशी जुनी व्हॉइस नोट घ्या, तशीच दोनदा फॉरवर्ड करा आणि त्याच साइटवर टाका.

अनघा७१: तरी क्लिप मला पाठवा. माझा कान चुकत नाही.

स्पेक्ट्रम: ताई, २०२३ च्या एका अभ्यासात लोकांनी बनावट बोलणं ७३ टक्के वेळाच ओळखलं. नमुने ऐकवून सराव दिला तरी फारसा फरक पडला नाही.

सचिव_कोथरूड: गणपतीच्या वर्गणीबद्दलची खजिनदारांची नोट टाकून पाहिली. ती माझ्यासमोर बोलले होते. निकाल ‘७९ टक्के कृत्रिम’.

स्पेक्ट्रम: म्हणजे त्या ८७ ला काही अर्थ उरला नाही. याने क्लिप खरीही ठरत नाही, एवढं सभेत स्पष्ट सांगा. आता पहिली प्रत शोधा. ग्रुपवर क्लिपशेजारी माइकचं चिन्ह आहे की हेडफोनचं?

सचिव_कोथरूड: हेडफोन. फाइलचं नाव `AUD-` ने सुरू होतं.

स्पेक्ट्रम: मग ती थेट या ग्रुपवर बोलून पाठवलेली नाही, तयार फाइल जोडलीय किंवा फॉरवर्ड केलीय. कुणाची व्हॉइस नोट असेल, कॉल रेकॉर्डिंग असेल किंवा बनवलेली. कॉल रेकॉर्डिंग असेल तर ते कुणाच्या तरी फोनमध्ये मूळ स्वरूपात असणार, तारीख-वेळेसकट. ग्रुपवर प्रथम टाकणाऱ्याला तुम्हाला कुठून मिळाली ते विचारा. फोन फॉरमॅट होण्याआधी विचारा.

मिलिंद_डी: सरळ सायबर पोलिसांत द्या. फॉरेन्सिक लॅब बघेल.

नाना_सातारकर: हो, पोलीसच.

सचिव_कोथरूड: टूल घेत नाही, पोलिसांतही तूर्त जात नाही. क्लिप सभेत वाजवणार नाही. कंत्राटदारांची तिन्ही कोटेशनं आणि दिलेल्या चेकच्या नोंदी सभेपुढे ठेवतो. दर खरंच दहा टक्क्यांनी फुगवला असेल तर तिथे दिसेल. तोवर चेकवर सही खजिनदारांऐवजी अध्यक्ष करतील.

अनघा७१: आणि क्लिप खोटी असेल तर ती बनवणारा मोकळाच?