मदत हवी आहे: मेलाटोनिन दोन वर्षांपुढे चालू ठेवलेल्या मुलांचा अनुभव

मुलगा १० वर्षांचा, ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही. सकाळी ८ ला मिथाइलफेनिडेट, दुपारनंतर डोस नाही. मेलाटोनिन १ मिग्रॅपासून सुरू केलं, आता ३ मिग्रॅची साधी गोळी रात्री साडेआठला. साडेनऊपर्यंत झोपतो. गोळीशिवाय साडेबारा वाजायचे.

आधी काय केलं: उठण्याची वेळ पक्की, दुपारची झोप बंद, जेवणानंतर स्क्रीन नाही. फेरिटिनही तपासलं, ठीक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन आठवडे गोळी थांबवली. चौथ्या रात्रीपासून पुन्हा साडेबारा. म्हणून परत सुरू केली.

आता दोन वर्षं होतील. अशाच मुलांवरच्या युरोप-अमेरिकेतल्या चाचणीत दोन वर्षांपर्यंत उंची, वजन आणि वयात येण्याच्या टप्प्यांवर वाईट परिणाम दिसला नव्हता. पण ती हळूहळू विरघळणारी गोळी होती, आणि पाठपुरावा तिथेच थांबतो. रात्रीचं मेलाटोनिन वयात येताना आपोआप कमी होतं, म्हणून नेमका पुढचाच काळ मला महत्त्वाचा वाटतो. आमचे डॉक्टर म्हणतात, चालू ठेवा, दर सहा महिन्यांनी उंची-वजन पाहू.

डोस वाढवायचा नाही, दुसरं झोपेचं औषधही नको आहे. ज्यांच्या मुलांनी दोन वर्षांहून जास्त, वयात येईपर्यंत घेतलं, त्यांच्या डॉक्टरांनी उंची-वजनाशिवाय आणखी काय तपासलं, आणि गोळी किती महिन्यांनी थांबवून पाहिली?