बाथरूम सफाईचा सूचना-कागद मराठीत: सगळं भाषांतर करायचं की मोजक्या ओळी?

वेण्णाकाठ
महाबळेश्वरला एका मध्यम हॉटेलात हाउसकीपिंग बघते. मुख्य कार्यालयाकडून बाथरूम सफाईचा सहा पानी इंग्रजी कागद आलाय. आमच्या बहुतेक मुली आजूबाजूच्या गावांतल्या, वाचतात ते मराठीच. भाषांतर करून घेतलं, त्यातलं एक वाक्य बघा: "शौचपात्राच्या अंतर्भागावरील आम्लयुक्त स्वच्छक पूर्णतः धुतल्याखेरीज क्लोरीनयुक्त निर्जंतुकाचा वापर करू नये." हे असंच लावू का, की कापून छोटं करू? कापलं तर काही महत्त्वाचं राहून जाईल अशी भीती वाटते.

जुना_सुपरवायझर
असंच लावू नका. या वाक्यात "खेरीज" आणि "नये" असे दोन नकार आहेत, आणि खरा नकार अगदी शेवटच्या शब्दात. ट्रॉली ढकलत वाचणारी मुलगी "धुतल्याखेरीज क्लोरीन… वापर" एवढंच उचलणार.

पण त्याआधी एक विचारतो. रोजच्या सफाईत कमोडमध्ये ब्लीच लागतंच कशाला? कमोड साफ करायचं आर-सिक्स ॲसिडचं असतं, क्षाराच्या पाण्याचे डाग तेच काढतं. त्यावर ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि हॉटेलचं बाथरूम म्हणजे बंद खोकं. ब्लीचची बाटली ट्रॉलीवरून काढून सुपरवायझरच्या कपाटात गेली, तर हे वाक्यच लिहावं लागत नाही. पुष्कळदा कागद अवघड होतो तो कामाची पद्धत अवघड ठेवल्यामुळे.

ब्लीच ठेवायचंच असेल, तर मी कमोडचा भाग असा लिहीन:

१. दार उघडं ठेवा. एक्झॉस्ट लावा.
२. ग्लोव्हज घाला.
३. फ्लश करा.
४. कमोडच्या आत, कडेच्या खाली आर-सिक्स लावा.
५. बेसिन आणि आरसा पुसून घ्या.
६. कमोड ब्रशने घासा.
७. फ्लश करा. टाकी भरू द्या. पुन्हा फ्लश करा.
८. ब्रश साध्या पाण्यात धुवा.

आणि वेगळ्या लाल चौकटीत: "आर-सिक्स आणि ब्लीच कधीच एकत्र नाही. डोळे चुरचुरले, खोकला आला, तर लगेच बाहेर या. सुपरवायझरला सांगा."

पाचवी ओळ मुद्दाम आहे. मूळ कागदात "पाच मिनिटे थांबा" असणार. खोल्या उरकायच्या घाईत कुणी पाच मिनिटं उभं राहत नाही, तेवढ्या वेळाचं दुसरं काम सांगितलं की औषधाला वेळ मिळतो. आठवी ओळ लोक विसरतात. ॲसिड लागलेला ब्रश ब्लीचच्या बादलीत बुडवला तरी तोच वायू.

शब्दवेल्हाळ
मी व्यवसायाने अनुवादक आहे, आणि वरचं सगळं मला पटत नाही. सहा पानांची आठ ओळींत बोळवण करायचा अधिकार भाषांतरकाराला कुणी दिला? उद्या कुणाचा हात भाजला तर व्यवस्थापन म्हणेल, मूळ कागदात सगळं होतं. संपूर्ण मराठी प्रत असलीच पाहिजे. आणि "आर-सिक्स", "एक्झॉस्ट" ही कसली मराठी? "लावा, घासा" ही भाषाही उद्धट वाटते. सूचनेला "लावावे, घासावे" शोभतं.

जुना_सुपरवायझर
संपूर्ण प्रतीचं मान्य. ती फाइलमध्ये ठेवा, औषधांच्या सुरक्षा-पत्रकांसोबत, आणि प्रशिक्षणात वाचून दाखवा. भिंतीवर मात्र आठच ओळी. ही दोन वेगळी कामं आहेत.

नावांबद्दल माघार नाही. डब्यावर जे छापलंय तेच कागदावर हवं. "आम्लयुक्त स्वच्छक" नावाची बाटली ट्रॉलीवर सापडत नाही. आणि "घासावे" वाचून माणूस विचारतो, घासलंच पाहिजे का? "घासा" म्हटलं की प्रश्न उरत नाही.

सोसायटी_सेक्रेटरी
आमच्या सोसायटीत जिन्याला फिनेल मारलं की दोन दिवस पायऱ्या चिकट राहतात. बाई म्हणते फिनेल खराब, दुकानदार म्हणतो बाई जास्त ओतते. कुठलं फिनेल घ्यावं?

निळा_डस्टर
सेक्रेटरीसाहेब, धागा वेगळा आहे, पण तुमचं उत्तर इथेच आहे. बाईला माप लिहून दिलंय का? बहुधा तीच जास्त ओतत असेल, कारण तिला कुणी माप दिलेलं नसतं.

मी सांगलीत हॉस्पिटलमध्ये हाउसकीपिंगला आहे, आधी स्वतः फरशी पुसायची, आता दहा-बारा जणींकडून करून घेते. आमच्या कागदावर "१:५०" होतं. एकीला वाटलं ही वेळ आहे, एक वाजून पन्नास. हसू नका, रजिस्टरमध्ये वेळ तशीच लिहितात. आता आमच्याकडे लिहिलंय: "बादलीत निळ्या रेघेपर्यंत पाणी भरा. मगच्या लाल रेघेपर्यंत औषध घ्या. पाण्यात ओता." रेघा ऑइलपेंटने मारल्यात. निळी पाच लिटरची, लाल शंभर मिलीची. पाणी आधी लिहायचं, नाहीतर औषधावर नळ सोडला की फेस होतो आणि अंगावर उडतो. ब्लीचला गरम पाणी नको, त्याचा जोर जातो. ही ओळ आम्ही ठेवली, कारण थंडीत सगळ्या गीझरचंच पाणी घेतात.

"झाकणभर" मात्र लिहू नका. पुरवठादार बदलला की झाकण बदलतं.

वेण्णाकाठ
रेघांचं आवडलं. चित्रं टाकली तर? दोन बाटल्या आणि त्यांवर फुली?

जुना_सुपरवायझर
चित्रं हवीतच, पण ती फुली जपून. मी तसाच कागद लावला होता तेव्हा एका मुलाने दोन्ही बाटल्या वापरणंच बंद केलं. त्याच्या मते दोन्हींना बंदी होती. नंतर एका कमोडमध्ये दोन्ही बाटल्या ओतणारे हात काढले आणि फुली त्या कमोडवर दिली.

शब्दवेल्हाळ
म्हणजे चित्रालाही मजकूर लागतोच. आणि एक राहिलं. छोटं करताना तुम्ही "आवश्यकतेनुसार" गाळलंत. काही ठिकाणी ते खरंच लागतं. प्रत्येक खोलीत टाइल्सचे सांधे रोज घासायचे नसतात.

निळा_डस्टर
लागतं, पण गरज कोण ठरवणार? नवी मुलगी नाही ठरवत. "काळे दिसले तर सांधे घासा" असं लिहा. डोळ्यांना दिसेल अशी खूण द्या.

आणि कागद लावायच्या आधी जिने हे काम कधी केलं नाही अशी एक जण शोधा. अकाउंट्समधली चालेल. कागद तिच्या हातात द्या, बाटल्यांत साधं पाणी भरा, तुम्ही तोंड बंद ठेवून बघा. जिथे ती मान वर करून तुमच्याकडे बघेल, ती ओळ बदला. भाषांतर तपासायला इंग्रजी येणारा माणूस बसवला की तो मूळ डोक्यात ठेवून वाचतो, त्याला अडतच नाही.

शब्दवेल्हाळ
पण त्याने अर्थ चुकलाय का ते कळणार नाही, फक्त कागद वाचता येतो का ते कळेल. चुकीची ओळही कुणी बिनचूक पाळेल. दोन्ही तपासण्या करा.

निळा_डस्टर
हे बरोबर आहे.

वेण्णाकाठ
ब्लीच उद्यापासून कपाटात. मोजायच्या मगवर आकडे इंग्रजी छापलेत, म्हणून कागदावरही इंग्रजीच आकडे ठेवायचा विचार होता, पण आता रेघा मारतेय. एक अडलंय. मुख्य कार्यालय म्हणतं कमोड सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याची घाण बेसिनला लागणार नाही. वरच्या यादीत आर-सिक्स आधी लावून मध्ये बेसिन आहे.

जुना_सुपरवायझर
औषध आधी ओतायचं, घासायचं शेवटी. ओतताना कमोडला हात लागत नाही. बेसिनचा डस्टर आणि ग्लोव्हज वेगळे असले की झालं.

निळा_डस्टर
हॉस्पिटलात मला हे चालणार नाही. बाटली धरलेला हात कमोडच्या कडेला लागतोच. मग "ग्लोव्हज बदला" अशी एक ओळ मध्ये वाढते, आणि नेमकी तीच कुणी पाळत नाही.