मदत हवी आहे: अ‍ॅट्रोपिन का फेनिलेफ्रिन, डोळ्याच्या बाहुलीवरून ओळखूच येईना

लातूरला सेकंड इयरला आहे, फार्माकच्या एका प्रश्नात लई अडकलोय. शिरेतून औषध दिल्यावर बाहुली मोठी, लघवी अडली पण पल्स 76 वरून 54 वर आला. मी बाहुली बघूनच अ‍ॅट्रोपिन टिक केलं आन चुकलं, उत्तर फेनिलेफ्रिन. लघवी दोन्हीनं अडते, अ‍ॅट्रोपिननं पिशवीचा स्नायू ढिला पडतो, फेनिलेफ्रिननं तोंड आवळतं, इथवर कळलं. पल्स पडला तो बीपी वाढल्यावर व्हेगस जागा झाला म्हणून ना? मग आधी अ‍ॅट्रोपिन देऊन व्हेगस अडवला तर फेनिलेफ्रिननं बीपी वाढंल पण पल्स पडणार नाही, बरोबर का? आन टॉर्च मारल्यावर फेनिलेफ्रिनची बाहुली थोडी तरी बारीक होते, अ‍ॅट्रोपिनची हलतच नाही, हा फरक पक्का धरू का? सोमवारी इंटर्नल आहे.